जादा शिल्लक

पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या भांडारात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरात बसवू नये. बसवलाच, तर निदान त्याच्या हाती वही देऊ नये. पण हे शहाणपण कुणाला वेळेवर सुचत नाही आणि तराजूच्या बायकोलाही ते सुचलं नाही.

तराजू हे त्याचं कारखान्यातलं नाव. एक नट इकडचा तिकडे झाला तरी सगळी फळी खाली उतरवून मोजायला लावायचा, म्हणून पोरांनी ठेवलेलं. सुरुवातीला पाठीमागे, मग तोंडावर, आणि निरोपसमारंभात तर साहेबांनीच माइकवरून. त्याला वाटलं हा सन्मान आहे. घरी येऊन त्याने बायकोला तसं सांगितलंही. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर चौकटी नीट बसवणं हा तिचा रोजचा उद्योग. त्यामुळे माणसाला स्वतःचं नाक दिसत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. ती म्हणाली, "बरं."

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात त्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ताब्यात म्हणजे काही रांधायला नव्हे, लावायला. डब्यांना आकडे दिले, प्रत्येक डब्यावर पुठ्ठ्याचं कार्ड टांगलं, आणि कार्डावर आवक, जावक, शिल्लक असे तीन रकाने आखले. बायको मिठाचा डबा शोधायला लागली की हा बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, "सतरा नंबर!" ती म्हणायची, "बरं." लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली तीस वर्षं ही बाई प्रत्येक गोष्टीवर त्याच्याशी कडकडून भांडत आलेली. आता ती "बरं" म्हणायला लागली म्हणून गडी खूश. आपली व्यवस्था तिला पटली, असा त्याने अर्थ काढला. काढणारच. दिव्याखाली अंधार असतो तो काय दिव्याला दिसतो?

या सगळ्या राज्यकारभारात कॉफी ही त्याची सर्वांत मोठी मोहीम होती.

दोघंही कॉफीचे भक्त. सकाळी एक मोठा कप, संध्याकाळी ती कामावरून आली की एक. सगळं घर चुकलं तरी हे दोन कप चुकायचे नाहीत. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी समोरासमोर बसायचं, ती दिवसभरातली गिऱ्हाइकं सांगणार, हा त्यात चुका काढणार. ती बिनदुधाची, बिनसाखरेची पिते. हा दूध घालतो, वर दोन चमचे साखर. एवढं घातल्यावर भुसाही गोड लागेल, असं ती म्हणायची. म्हणजे पूर्वी म्हणायची.

आतापर्यंत कॉफी ती आणायची, चष्म्याच्या दुकानासमोरच्या भाजणारीकडून, पाव किलो, अर्धा किलो, मनात येईल तशी. तराजूला हे कसं सोसावं? "ही काय खरेदी झाली?" म्हणत तो स्वतः गेला. भाजणारी चाळिशीची, हातावर भट्टीचे दोन-तीन जुने चटके, आणि बोलण्यात घाई नाही. त्याने चार किलो मागितल्यावर तिने हातातलं फावडं बाजूला ठेवलं.

"काका, घरात माणसं किती?"

"दोन. का?"

"मग एवढी नका नेऊ. शिळी होईल."

"शिळी व्हायला ते काय दूध आहे?" तराजू हसला. "बाई, मी एकतीस हजार प्रकारचे सुटे भाग सांभाळलेत. साठा म्हणजे काय ते मला नका सांगू."

तिने नाही सांगितलं. गिऱ्हाईक हौसेने खड्ड्यात उतरत असेल तर दुकानदाराने किती आडवं पडायचं? वर चार किलोला सवलतही होतीच. एक-एक किलोच्या चार पिशव्या घेऊन तो विजयी मुद्रेने घरी आला. आणि मग त्याने ती गोष्ट केली जी फक्त भांडारातलाच माणूस करू शकतो. चारही पिशव्या एकदम फोडल्या आणि सगळ्या बिया एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ओतल्या. का, तर एक माल, एक जागा, एक कार्ड. डबा ठेवला शेगडीच्या शेजारच्या फळीवर, खिडकीतल्या उन्हात. का, तर माल जिथे लागतो तिथेच असावा म्हणजे पायपीट वाचते. रिकाम्या डब्याचं वजन झाकणावर लिहिलं. वहीत नोंद केली: आवक चार हजार ग्रॅम. रोजचा खप: माणसं दोन, कप चार, दर कपाला पंधरा ग्रॅम, एकूण साठ. मग त्याने टेकून बसून त्या पानाकडे पाहिलं. कारखान्यात त्याला एवढं समाधान क्वचितच मिळालं होतं.

साठाव्या दिवशी संध्याकाळी वहीप्रमाणे चारशे ग्रॅम उरायला हवे होते. चारशे म्हणजे आठवड्याच्या आतली बेगमी. म्हणजे नवी मागणी नोंदवायची वेळ. तो आणखी चार किलो सांगायला निघालाच होता, तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहते आणि बापाला ओळखून आहे.

"बाबा, डब्यात बघितलंत का किती उरलीय?"

"वहीत आहे की."

"वहीतली कॉफी पिता का तुम्ही? मी वजनकाटा पाठवला तो कशाला?"

बोचलं. चौतीस वर्षं त्याने दुसऱ्यांना हेच सुनावलं होतं: वही सांगते काय असावं, फळी सांगते काय आहे. त्याने डबा उतरवला. उतरवतानाच हाताला कळलं की काहीतरी गडबड आहे, कारण डबा जड होता. काट्यावर ठेवला, डब्याचं वजन वजा केलं. सोळाशे बारा ग्रॅम.

असायला हवेत चारशे. आहेत सोळाशे. बाराशे ग्रॅम जास्त.

तराजू खुर्चीवर बसला. कमी भरलं असतं तर त्याला काहीच वाटलं नसतं. कमी भरलं की सोपं असतं: कुणीतरी नेलं, कुणीतरी सांडलं, कुणीतरी लिहायला विसरलं. पण जास्त? जास्त शिल्लक त्याला आजही अपशकुनासारखी वाटायची. एकदा भांडारात अठ्ठावीस रबरी वॉशर जास्त भरले होते. तरुण मदतनीस म्हणाला, बरंच झालं साहेब, फायद्यात आहोत. तराजूने त्याला सगळ्यांसमोर झाडला होता. "फायदा कसला, गाढवा? अठ्ठावीस वॉशर इथे आहेत म्हणजे अठ्ठावीस पंप वॉशरशिवाय बाहेर गेलेत. कुठेतरी गळतायत ते." आणि खरोखरच महिन्याभरात गळक्या पंपांच्या तक्रारी आल्या, बरोब्बर अठ्ठावीस. ही कथा त्याने बायकोला निदान पन्नास वेळा सांगितली असेल.

मग आता कोण गळत होतं?

पहिला संशय काट्यावर. त्याने किलोची सीलबंद साखर ठेवून पाहिली. काटा बिचारा निर्दोष. दुसरा संशय चमच्यावर. सपाट भरलेला चमचा वजन करून पाहिला: पंधरा ग्रॅम, इकडे ना तिकडे. तिसरा संशय आला आणि मग तो हलेना. कॉफी बनवते कोण? बायको. म्हणजे ती दोघांच्या कपांत मिळून एकच चमचा घालते. आपल्याला निम्म्या कॉफीवर ठेवलंय! निवृत्त झालो म्हणून! सकाळ-संध्याकाळ त्या रंगीत पाण्याला आपण "वा" म्हणत बसलो, आणि ही बाई समोर बसून ते ऐकत राहिली!

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर त्याने डबा वजन करून ठेवला. सोळाशे बारा. ती बाहेर आली, तिने बिया काढल्या, ग्राइंडर फिरवला, पाणी उकळलं, आणि दोन मोठे कप टेबलावर आले. ती टॉवेल वाळत घालायला गेली तेवढ्यात त्याने पुन्हा डबा काट्यावर ठेवला. पंधराशे सत्त्याण्णव. दोन कप, आणि पंधराच ग्रॅम! सापडली! तो छाती पुढे काढून टेबलाशी बसला. भांडण कुठून सुरू करायचं याची वाक्यं जुळवायला लागला. पहिलं वाक्य तर फारच चांगलं जमलं होतं.

ती येऊन समोर बसली, दोन्ही हातांनी कप धरला, फुंकर घातली, घोट घेतला. त्याने आपला घोट घेतला. पातळ म्हणावी तर पातळ नव्हती. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि ती उठून गेली.

तराजूने मान लांब करून तिच्या कपात पाहिलं.

कपाचा तळ दिसत होता. तळावरचं निळं फूलसुद्धा दिसत होतं. कपात गरम पाणी होतं. नुसतं, स्वच्छ, वाफाळतं पाणी.

ती परत आली तेव्हा तो सरळ बसलेला होता. जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. ती काल आलेल्या एका आजोबांविषयी सांगत होती. त्यांना वर्तमानपत्र वाचायला एक आणि बायको दिसायला एक, असे दोन चष्मे हवे होते. सांगताना ती मधूनमधून पाण्याचे घोट घेत होती. अगदी कॉफी पितात तसे, जरा थांबून, ओठ मिटून. त्याने त्यात एकही चूक काढली नाही. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरं नाही का?"

"आहे की," तो म्हणाला.

ती कामावर गेल्यावर त्याने वही काढली. आता भांडारातला माणूस बायकोचं दुःखसुद्धा गणितानेच मोजणार. दुसरं येतं काय त्याला? बाराशे बारा ग्रॅम जास्त. वरचे बारा हाताच्या चढउताराला सोडले. तिचे दिवसाचे दोन कप म्हणजे तीस ग्रॅम. बाराशे भागिले तीस. चाळीस. ती बाई चाळीस दिवस त्याच्यासमोर बसून गरम पाणी पीत होती. साठातून चाळीस गेले, वीस. म्हणजे विसाव्या दिवसापर्यंत कॉफी, एकविसाव्यापासून पाणी.

विसाव्या दिवशी काय झालं होतं? त्याने वही मागे उलटली. त्याच्या वहीत सगळंच असायचं. शेवटच्या पानांवर त्याने "तक्रारी" असा एक विभागही काढला होता, कारण कारखान्यात तो असायचा. सबंध विभागात एकच नोंद होती. तारीख तीच, विसाव्या दिवसाची. अक्षर त्याचंच, सुबक, उजवीकडे झुकलेलं: "कॉफीला वास राहिला नाही, चव मंद आहे. तक्रारदार: पत्नी." आणि पुढे निकालाच्या रकान्यात: "निराधार."

त्याला ती संध्याकाळ लख्ख आठवली. तिने घोट घेऊन कप खाली ठेवला होता आणि अगदी साधेपणाने म्हणाली होती, "अहो, कॉफी उतरलीय हो." आणि त्यावर याने व्याख्यान दिलं होतं. पूर्ण, मुद्देसूद व्याख्यान. कॉफी नासत नाही, डबा झाकणाचा आहे, तुझीच जीभ आज बरी नाही, तू पाव-पाव किलोचा उधळा कारभार करायचीस म्हणून तुला मोठ्या साठ्याची सवय नाही. शेवटी तिच्यासमोरच वही उघडून त्याने तो शब्द लिहिला होता आणि खाली रेघ मारली होती. ती त्या रेघेकडे बघत होती. मग म्हणाली होती, "बरं."

एवढ्या "बरं"ची मोजदाद त्याने कधी ठेवली नव्हती. ठेवायला हवी होती. मिठाचा डबा सतरा नंबर, बरं. डाळी खालच्या फळीवर, बरं. एकतीस हजार सुटे भाग सांभाळणाऱ्या माणसाने घरातलं एकमेव माणूस कुठल्या फळीवर ठेवलं हे पाहिलं नव्हतं. आता त्याला भीती वाटली, अगदी खरी. कॉफी गेली तर गेली. पण ही बाई आपल्याला यापुढे कधी काही सांगणारच नसेल तर? उद्या तिचं काही दुखलं, तर ती समोर बसून "बरं" म्हणेल आणि आपण वहीत "ठीक" लिहू.

तो उठला, चपला घातल्या आणि भाजणारीकडे गेला. जाताना डब्यातल्या मूठभर बिया कागदात बांधून घेतल्या, नमुना म्हणून. सवय जाते कुठे?

भाजणारीने पुडी उघडली, नाकाशी नेली, आणि एक बी दोन बोटांत चिरडली. "कुठे ठेवली होती, काका?"

"शेगडीजवळ. खिडकीत."

"आणि पिशव्या?"

"फोडल्या. चारही."

ती हसली नाही, हे तिचे उपकारच. त्याला स्टूल दिलं. "ही खराब झालेली नाही, म्हणजे पोटाला काही होणार नाही. पण हिच्यातलं सगळं उडून गेलंय. भाजल्यावर बीत वायू भरलेला असतो. तो हळूहळू बाहेर जातो, वासही तसाच उडत जातो, आणि हवा आत शिरून तेल बिघडवते. माझ्या पिशवीला हे बारीक छिद्र आहे बघा. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पिशवी बंद असती तर बरीच टिकली असती. तुम्ही चारही एकदम उघड्यावर आणल्या, वर ऊब, ऊन, आणि रोज दोनदा झाकण."

"फ्रीझरमध्ये टाकू का उरलेली?"

"ताजी असताना छोट्या-छोट्या पुड्या घट्ट बंद करून टाकली असती तर चाललं असतं. पुडी बाहेर काढून गारवा उतरल्यावरच उघडायची, नाहीतर बियांवर ओल धरते. आता टाकाल तर शिळेपणच टिकवाल."

तराजूने मान खाली घातली. "मग आणायची किती? मला हिशेबच सांगा."

"हिशेब सोपाय. भाजल्यावर चार-पाच दिवस थांबायचं, मग पुढचे तीन-चार आठवडे तिचे खरे. तेवढ्यात संपेल एवढीच आणायची. तुमचे कप मोजा, कपाला किती ग्रॅम ते बघा, आणि दिवसांनी गुणा. दोघांचे चार कप, साठ ग्रॅम, म्हणजे किलो साधारण सोळा दिवस जाईल. ती पण अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन पिशव्यांत न्या आणि पहिली संपल्याशिवाय दुसरी उघडू नका. एकटे पिणार असाल तर अर्धा किलोच पुरे, तीच सोळा दिवस." तिने माप हातात घेतलं. "तर काकूंचे दोन कप धरायचे का?"

तराजूने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला सगळं माहीत आहे.

"येते ती इथे?"

"दुपारी जेवणाच्या सुट्टीत. उभ्याउभ्या एक कप घेतात. पिशवी द्यायला गेले तर नको म्हणतात. म्हणतात, आधी त्यांचा साठा संपू दे." भाजणारीने फडक्याने माप पुसलं. "मी तुम्हाला बोलायला नको होतं खरं तर."

पंधराशे सत्त्याण्णव ग्रॅम. तीसने भागिले. त्रेपन्न दिवस. त्याची इच्छा नसताना त्याच्या डोक्याने भागाकार करून टाकला. आणखी त्रेपन्न दिवस ती गरम पाण्यावर काढायला तयार होती, फक्त त्याचा आकडा चुकला असं त्याच्या तोंडावर म्हणायला लागू नये म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याने तर कळशाच्या कपात डोकावायला चाळीस दिवस घेतले होते.

"काका? धरायचे का दोन कप?"

आयुष्यात पहिल्यांदा तराजूला मागणीचा आकडा सांगता आला नाही. ती परत पिणार की नाही हे कुठल्या वहीतून काढणार? "पाव किलो द्या," तो म्हणाला. "पाच दिवसांपूर्वी भाजलेली असेल तर ती."

संध्याकाळी ती यायच्या आधी तो स्वयंपाकघरात उभा राहिला. ग्राइंडर कुठल्या बाजूने उघडतो हे शोधण्यात दहा मिनिटं गेली. त्याला नंबर अकरा त्यानेच दिला होता. तीस ग्रॅम मोजले, दळले, कागदी फिल्टरमध्ये टाकले, आणि पाणी उकळून क्षणभर थांबून वरून थोडं ओतलं. कॉफी फुगली. बुडबुडे आले, छोटी टेकडी वर आली, आणि वासाने सगळं स्वयंपाकघर भरलं. पडताळा घेतल्याशिवाय त्याला चैन पडेना, म्हणून त्याने जुन्या डब्यातल्या चमचाभर बिया दळून वेगळ्या वाटीत त्यांच्यावरही पाणी ओतलं. त्या हलल्यासुद्धा नाहीत. चिखल बसावा तशा तळाशी बसल्या. म्हणजे ही बाई एवढे दिवस सकाळ-संध्याकाळ हा चिखल पाहत होती, त्याच्यासाठी तो गाळत होती, आणि तो वर "वा" म्हणत होता.

ती आली. पिशवी खुर्चीवर ठेवली, दारातच थांबली, आणि नाक वर केलं. टेबलावर दोन कप होते आणि मध्ये वही उघडी ठेवलेली, तक्रारींच्या पानावर.

"हे काय?"

"बस," तो म्हणाला. त्याने बरंच ठरवलं होतं, पण तोंडातून आकडेच बाहेर पडले. "बाराशे ग्रॅम जास्त भरली. चाळीस दिवस. अगं, मी तुझ्या कपात पाहिलं सकाळी."

ती बसली. वहीकडे पाहिलं. "निराधार" हा शब्द खोडलेला नव्हता. खोडाखोड त्याच्या तत्त्वात बसत नाही. पण त्याच्याखाली नवी नोंद होती, आजच्या तारखेची: "फेरतपासणी केली. तक्रार खरी. चूक भांडारपालाची. चाळीस दिवस गळती. उरलेला माल बाद." खाली त्याची सही होती. चौतीस वर्षांत त्याने वॉशरची एक पुडीसुद्धा बाद लिहिली नव्हती. माल बाद लिहायचा म्हटलं की तो तीन साहेबांशी भांडायचा. हे तिला माहीत होतं.

"गरम पाणी कशाला प्यायचं?" तो म्हणाला. "उठून जायचंस. ओतून द्यायचीस. मला चार शिव्या घालायच्यास."

"शिव्या घातल्या असत्या तर तुम्ही दुसरं व्याख्यान दिलं असतं," ती म्हणाली. "आणि उठून गेले असते तर तुमच्यासमोर बसायला मिळालं नसतं. मला कॉफी नको झाली होती, अहो. बसायला हवं होतं." मग म्हणाली, "तुमचं तिथलं सगळं सुटलं. वाटलं, हे एक तरी त्यांचं बरोबर येऊ दे."

तराजूने तिचा कप तिच्याकडे सरकवला.

तिने कप उचलला. कारखान्यात मोठ्या तपासणीलासुद्धा त्याला एवढी धाकधूक झाली नव्हती. तिने घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. पुन्हा एक घोट. तराजूला तो शब्द येताना ऐकू यायला लागला. आता ही "बरं" म्हणेल. म्हणेल आणि सगळं संपेल.

"कडू केलीत," ती म्हणाली. "फार बारीक दळलीत ना?"

"असेल."

"असेल नाही, आहे. आणि फिल्टर आधी पाण्याने धुवायचा असतो, कागदाची चव उतरलीय. आणि हा डबा शेगडीजवळ कुणी ठेवला, हे मी त्याच दिवशी विचारणार होते. आणि मीठ मला शेगडीच्या उजव्या हाताला हवं, सतरा नंबर गेला खड्ड्यात. ती पुठ्ठ्याची कार्डं झाडताना डोळ्यांत जातात." ती एकेक घोट घेत होती आणि एकेक काढत होती. डाळींची फळी आली, ग्राइंडरची जागा आली, निरोपसमारंभाची ती गोष्टही आली. "आणि ती तुमची वॉशरची कथा. मला पाठ आहे. पुन्हा सांगितलीत तर मी घर सोडीन."

तराजूने पेन उचललं होतं. मग खाली ठेवलं आणि नुसता ऐकत बसला. त्याला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही आवरण्यासाठी त्याने आपल्या कपात तिसरा चमचा साखर घातली.

"भुसा," ती म्हणाली.

तिने कप संपवला. तळावरचं निळं फूल आता तपकिरी रेघेआड गेलं होतं. तिने कोपऱ्यातली नवी पिशवी उचलली, तळहातावर तोलली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढीशी? ही काय खरेदी झाली? दोघांना चार दिवससुद्धा धड जायची नाही. किलोभर तरी सांगायची ना, दोन पिशव्यांत."

वही नाही, काटा नाही, काही नाही. तराजूने मनात भागाकार करून पाहिला. बरोबर येत होता.

"बरं," तो म्हणाला.